काचेवरून ओघळणारं एरंडेल: थराची जाडी आणि प्रवाह कसा काढायचा

तिरप्या काचेवर एरंडेल सोडत राहिलं, की थोड्या वेळाने त्याचा एकसारखा थर तयार होतो. वरून जेवढं येतं तेवढंच खालून जातं आणि मधल्या भागात जाडी कुठेच बदलत नाही. हा थर किती जाड आहे आणि त्यातून दर सेकंदाला किती तेल जातंय, हे दोन्ही प्रश्न एकाच सूत्रात बांधलेले आहेत. त्या सूत्रात जाडीचा घन येतो, आणि प्रयोगात काय मोजायचं आणि काय मोजू नये, हे तो घनच ठरवतो.

केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे सूत्र भेटतं. पुढे कंडेन्सरच्या प्रकरणात तेच विल्हेल्म नुसेल्टच्या नावाने परत येतं, कारण थंड पृष्ठभागावर वाफेचं पाणी होऊन ओघळतं त्याचा हिशेब त्याने १९१६ साली याच पायावर मांडला. बहुतेक मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करतात. पण काचेचा तुकडा, पाच-सहा लिटर एरंडेल, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मोबाइल एवढ्यावर ते घरी तपासता येतं, आणि तपासताना जे कळतं ते पाठांतरात हाती लागत नाही.

आधी सूत्र कुठून येतं ते

काचेपासून काटकोनात वर मोजलेलं अंतर y, आणि थराची पूर्ण जाडी h. आता y या उंचीवरची एक पातळ पापुद्र्यासारखी पातळी डोळ्यासमोर आणा. तिच्या वर जेवढं तेल आहे, म्हणजे h − y इतक्या जाडीचं, ते स्वतःच्या वजनामुळे उताराकडे ओढलं जातं. प्रवाह स्थिर आहे, कुणाचाही वेग वाढत नाही, म्हणजे ही ओढ पूर्णपणे त्या पातळीवरच्या घर्षणाने पेलली जाते. वरच्या मोकळ्या पृष्ठभागावर पेलायला काहीच नसतं, म्हणून तिथे घर्षण शून्य. काचेशी मात्र सगळ्या थराचं ओझं येतं, म्हणून तिथे ते सर्वांत जास्त.

घर्षण म्हणजे व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा घट्टपणा, गुणिले वेगाचा चढ. काचेला चिकटलेलं तेल हलत नाही ही दुसरी अट. दोन्ही एकत्र केलं की वेगाचा अर्धा पॅराबोला मिळतो, आणि त्याची जाडीभर बेरीज केली की प्रवाह.

```
u(y) = (ρ g sinθ / μ) · (h·y − y²/2)
q    = ρ g sinθ · h³ / (3 μ)
h    = [3 μ q / (ρ g sinθ)]^(1/3)
u_s  = 1.5 · q / h
```

इथे ρ म्हणजे तेलाची घनता, g गुरुत्वत्वरण, θ काचेच्या उताराचा कोन, μ व्हिस्कॉसिटी आणि u(y) म्हणजे y उंचीवरचा वेग. q म्हणजे दर मीटर रुंदीमागे दर सेकंदाला जाणारं घनमीटर तेल, आणि u_s म्हणजे अगदी वरच्या पृष्ठभागाचा वेग. तो सरासरी वेगाच्या बरोबर दीडपट असतो. चौथी ओळ लक्षात ठेवा. तिच्यात व्हिस्कॉसिटी नाही, उतार नाही, घनताही नाही, आणि आपली सगळी तपासणी तिच्यावर उभी राहणार आहे.

आता घनाचं बघू. जाडी मोजून प्रवाह काढायला गेलात आणि जाडीत १० टक्के चूक झाली, तर प्रवाहात ३३ टक्क्यांची चूक येते. दोन मिलिमीटरच्या थरात १० टक्के म्हणजे ०.२ मिलिमीटर, आणि हलणाऱ्या तेलावर सुई टेकवताना एवढं सहज हुकतं. उलट, प्रवाह मोजून जाडी काढली तर प्रवाहातली १० टक्के चूक जाडीत जेमतेम ३ टक्के उरते. म्हणून प्रवाह नेहमी तोलायचा आणि जाडी हिशेबाने काढायची. सुईने मोजलेली जाडी ही फक्त साक्षीदार.

एरंडेलच का

पाणी नको, त्याचं कारण पुढे लाटांच्या भागात येईल. ग्लिसरीन प्रयोगशाळेत चालतं, पण मुंबईच्या दमट हवेत ते उघड्यावर ठेवलं की हवेतलं बाष्प ओढून घेतं. २० अंशांना शुद्ध ग्लिसरीनची व्हिस्कॉसिटी १.४१ पास्कल-सेकंद असते. त्यात वजनाने १० टक्के पाणी गेलं की ती ०.२२ वर येते, म्हणजे साधारण सहाव्या हिश्श्यावर. जुलैमध्ये परातीसारख्या उथळ भांड्यात ग्लिसरीन उघडं ठेवून प्रयोग केलात, तर पहिलं आणि शेवटचं वाचन दोन वेगळ्या द्रवांचं निघेल.

एरंडेल बाष्पाला तसं दाद देत नाही. ते घट्ट असतं, काचेला छान धरतं आणि आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतं. त्याची एकच खोड, तापमान. १० अंशांना २.४२, २० ला ०.९८६, ३० ला ०.४५१ आणि ४० ला ०.२३१ पास्कल-सेकंद. म्हणजे दर १० अंशांना साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली. मधल्या तापमानासाठी सरळ रेषेने अंदाज घेऊ नका, लॉगरिदम घेऊन घ्या. २४ अंशांना तो ०.७२ च्या आसपास येतो, ३२ ला ०.३९.

म्हणून थर्मामीटर खोलीत टांगायचा नाही, तेलात बुडवायचा. खिडकीशी उन्हात ठेवलेला डबा आणि भिंतीवरचा थर्मामीटर यांच्यात पाच अंशांचा फरक पडायला वेळ लागत नाही.

मांडणी

काचवाल्याकडून ५ मिलिमीटर जाड साधी काच घ्या, ६० सेंटिमीटर लांब आणि २१ रुंद. कडा घासून घ्यायला सांगा. दोन्ही लांब कडांवर अर्धा सेंटिमीटर रुंद काचेच्याच पट्ट्या सिलिकॉनने चिकटवा, म्हणजे आतली रुंदी बरोबर २० सेंटिमीटर राहते. सिलिकॉन रात्रभर वाळू द्या. पट्ट्या नसतील तर तेल कडेवरून गळतं आणि मोजलेली रुंदी खरी राहत नाही.

उतारासाठी कोन मोजायच्या भानगडीत पडू नका. सूत्राला कोन नको असतो, sinθ हवा असतो. काचेचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा ३० सेंटिमीटर उंच करा. ६० पैकी ३०, म्हणजे sinθ बरोबर ०.५. टेपने उंची मोजताना मिलिमीटरभर चूक झाली तरी जाडीत ती ०.१ टक्का उतरते.

आडवी पातळी मात्र जपावी लागते. आमच्याकडच्या जुन्या चाळींच्या फरशा कुठेच सपाट नसतात, आणि टेबल सपाट दिसलं म्हणजे सपाट असतंच असं नाही. काच आडवी एका अंशाने कलली असेल तर तेल सरळ खाली न येता वाकडं येतं. ६० सेंटिमीटर उतरताना बाजूला सरकतं ते २.१ सेंटिमीटर. एका कडेला थर जाड, दुसऱ्या कडेला पातळ, आणि जाड बाजूने घनाच्या हिशेबाने जास्त तेल जातं. खाली कागद घालून काच पातळीत आणा. शेवटची परीक्षा तेलच देतं: पृष्ठभागावर सोडलेला कण पट्टीला समांतर गेला पाहिजे.

वरच्या टोकाला काचेच्या पूर्ण रुंदीची एक पन्हळ लागते, जिच्या सरळ ओठावरून तेल काचेवर उतरेल. अॅल्युमिनियमच्या कोनपट्टीची चालते. ओठ काटेकोर आडवा हवा. या चिकट तेलात जाडीच्या दिशेचा वेगाचा पॅराबोला काही मिलिमीटरमध्येच तयार होतो, पण ओठावरून एका बाजूला जास्त तेल उतरलं तर ती विषमता काचेवर लवकर पुसली जात नाही. पहिले १० सेंटिमीटर आणि शेवटचे ५ सेंटिमीटर मोजणीतून वगळा. तळाशी तेल थेंबाच्या काठाने अडतं आणि तिथला थर आपल्या सूत्राचा नसतो.

तेल सोडायचं कसं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बाटलीतून हाताने ओतलेलं तेल कधीच एकसारखं पडत नाही. त्यापेक्षा २० बाय २० सेंटिमीटरचा पसरट डबा घ्या, त्याच्या तळाशी १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची आणि १० सेंटिमीटर लांबीची आडवी नळी बसवा, आणि ती पन्हळीत उघडू द्या. नळीच्या वर ५ सेंटिमीटर तेल उभं असलं, की ३० अंशांना सेकंदाला साधारण ५ घनसेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला ३०० मिलिलिटर तेल मिळतं.

डब्यात पातळीची खूण करा. कुणीतरी शेजारी उभं राहून, खाली जमलेलं तेल सतत थोडं थोडं डब्यात घालत पातळी खुणेवर ठेवायची. मधे हात थांबला तर पातळी मिनिटाला पाऊण सेंटिमीटर उतरते. पण ती खुणेच्या खालीवर २ मिलिमीटरमध्ये राहिली तर प्रवाहात ४ टक्के फरक पडतो आणि जाडीत सव्वा टक्का. इथे घनमूळ आपल्या बाजूने आहे, त्यामुळे पंप विकत आणायची गरज नाही.

तेल ओतताना बुडबुडे येतात. एक मिलिमीटरचा बुडबुडा एरंडेलात सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वर चढतो, पण ०.२ मिलिमीटरचा त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याने. दुधाळ दिसणारं तेल तासभर स्थिर ठेवा, मग सुरू करा. डब्यात भर घालताना भांडं उंच धरू नका, डब्याच्या भिंतीवरून तेल सरकू द्या.

कोरड्या काचेवर तेल सोडलंत तर पहिली कड सरळ येणार नाही. ती ठिकठिकाणी बोटांसारखी पुढे येते आणि मधे कोरडे पट्टे राहतात. केंब्रिजच्या हर्बर्ट हप्पर्टने १९८२ साली या बोटांवर लिहिलं आहे, आणि तो विषय स्वतंत्र आहे. आपल्याला ती नकोत, म्हणून आधी रुंद ब्रशने संपूर्ण काचेला तेल लावून घ्या.

मग वाट बघा. पहिलं तेल सेकंदाला सव्वा सेंटिमीटरने उतरतं, म्हणजे काच भरायलाच पाऊण मिनिट जातं. सुरू केल्यापासून दोन-तीन मिनिटांनी पहिलं वजन घ्या. लागोपाठ तीन वजनं एका टक्क्यात जुळली तरच प्रवाह स्थिर झाला असं म्हणायचं. डोळ्यांना तो त्याच्या खूप आधीच स्थिर वाटतो.

तोलणं

सगळ्या २० सेंटिमीटरचं तेल गोळा करू नका. बाजूच्या पट्ट्यांशी तेल अडतं, आणि तिथे ते पट्टीवर थोडं चढतंही. हा कडेचा प्रभाव दोन-चार मिलिमीटरपुरताच असतो, पण तो टाळता येत असेल तर टाळावा. पत्र्याची १० सेंटिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना धारदार उभ्या कडा असलेली छोटी पन्हळ तयार करा आणि ती खालच्या टोकाला बरोबर मधे लावा. तिच्यातलं तेल काट्यावरच्या भांड्यात, उरलेलं बाहेरच्या टबात.

मापनपात्रापेक्षा काटा बरा. एरंडेल पात्राच्या भिंतीला चिकटून राहतं आणि त्याची वक्र पातळी वाचताना दहा मिलिलिटर इकडेतिकडे होतात. वजनाला या दोन्हींशी देणंघेणं नाही.

समजा तेलाचं तापमान ३० अंश आहे आणि ६० सेकंदांत १४३ ग्रॅम तेल जमलं. ०.१४३ किलोला ६० सेकंदांनी आणि ०.१ मीटरने भागा: दर मीटर रुंदीला सेकंदाला ०.०२३८ किलो. घनता ९५० धरून q येतो २.५१ × १०⁻⁵ चौरस मीटर प्रति सेकंद. आता जाडी:

```
h³ = 3 × 0.451 × 2.51e-5 / (950 × 9.81 × 0.5)
   = 3.40e-5 / 4660
   = 7.29e-9 m³
h  = 1.94e-3 m = 1.94 mm
u_s = 1.5 × 2.51e-5 / 1.94e-3 = 0.0194 m/s
```

म्हणजे थर १.९४ मिलिमीटर जाड असला पाहिजे, आणि पृष्ठभाग सेकंदाला १.९४ सेंटिमीटर सरकला पाहिजे. दोन्ही आकडे सारखे आले हा निव्वळ योगायोग. २० सेंटिमीटर जायला १०.३ सेकंद.

कण सोडून बघणं

काचेखाली कागदावर २० सेंटिमीटर अंतराने दोन रेघा मारा, पहिली ओठापासून १५ सेंटिमीटरवर. वर मधोमध लाल तिखटाचे दोन-तीन कण टाका. मोबाइल काचेला काटकोनात धरून व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजून वेळ काढा. स्टॉपवॉचवर बोटाची चूक ०.२ सेकंदाची असते, फ्रेममध्ये ती जवळजवळ राहत नाही.

कण थोडा बुडतो, मग त्याचा वेग पृष्ठभागाचा कसा? बुडाला तरी फार बिघडत नाही. पॅराबोला वरच्या बाजूला सपाट असतो. पृष्ठभागाखाली ०.२ मिलिमीटरवर वेग फक्त एका टक्क्याने कमी असतो. मोहरीएवढं काही टाकू नका, एवढंच.

पंखा बंद करायची गरज नाही, हेही सांगून ठेवतो. मे महिन्यात दादरला पंख्याशिवाय कोण उभं राहणार? काचेशी तेलाचं घर्षण दर चौरस मीटरला सुमारे ९ न्यूटन असतं. पंख्याची हवा त्याच्या तुलनेत काहीच नाही. थर्मोकोलचा कण टाकलात तर मात्र तो उंच तरंगतो आणि वाऱ्याने सरकतो. म्हणून तिखट.

आता मुख्य गंमत. कणाला १०.३ सेकंद लागले तर सगळं जुळलं. समजा लागले ९.२. तर चौथ्या ओळीवरून, व्हिस्कॉसिटी न वापरता, खरी जाडी काढता येते. u_s झाला ०.०२१७ मीटर प्रति सेकंद, म्हणून

```
h = 1.5 × 2.51e-5 / 0.0217 = 1.73e-3 m
μ = ρ g sinθ · h² / (2 u_s)
  = 4660 × (1.73e-3)² / 0.0435
  = 0.32 Pa·s
```

तेलाची खरी व्हिस्कॉसिटी ०.३२ आहे, ०.४५१ नाही. मग दोनच शक्यता. एक, तेल ३० अंशांचं नाही. ०.३२ ही व्हिस्कॉसिटी शुद्ध एरंडेलाला ३५ अंशांच्या आसपास असते. व्हिडिओसाठी जवळ लावलेला दिवा किंवा उन्हातला डबा हे सहज करतो. पन्हळीतल्या तेलात थर्मामीटर घाला आणि बघा. तिथेही ३० च दिसले तर दुसरी शक्यता उरते: बाटलीत निव्वळ एरंडेल नाही, त्यात पातळ तेल मिसळलेलं आहे. औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांत असं मिश्रण असू शकतं, तेव्हा लेबल नीट वाचा.

यात विश्वास कितपत ठेवायचा, तेही सांगतो. प्रवाह ठरलेला असताना व्हिस्कॉसिटी वेळेच्या घनाप्रमाणे बदलते. वेळ वाचताना ३ टक्के चूक झाली तर व्हिस्कॉसिटीत ९ टक्के. १०.३ आणि ९.२ मधला फरक ११ टक्क्यांचा आहे, तो वाचनाच्या चुकीत बसत नाही. पण १०.३ ऐवजी १०.१ आले, तर तेलवाल्याला दोष देऊ नका.

सुईची साक्ष

खोली मोजायची दांडी असलेल्या डिजिटल व्हर्नियरच्या टोकाला शिवणाची सुई चिकटवा. व्हर्नियर काचेला काटकोनात उभा राहील अशी सरळ आडवी पट्टी बाजूच्या दोन पट्ट्यांवर ठेवा आणि तिच्यावर तो धरा. सुई हळूहळू खाली आणा. तेलाला टेकायच्या क्षणी तेलच उडी मारून सुईला धरतं, पृष्ठभागावर छोटा शंकू उठतो आणि त्यात दिव्याचं प्रतिबिंब एकदम वाकडं होतं. त्या क्षणाचा आकडा लिहा. मग सुई तशीच काचेपर्यंत न्या, ती टेकली की दांडी अडते. तोही आकडा लिहा. फरक म्हणजे जाडी.

वाचन नेहमी खाली जातानाचं घ्यायचं. सुई वर ओढताना तेल तिच्याबरोबर दोरीसारखं ताणलं जातं आणि थर कितीतरी जाड वाटतो. शंकूची उडी वाचनाला किंचित वर नेते, म्हणून सुईची जाडी हिशेबापेक्षा थोडी जास्त येणं स्वाभाविक आहे. १.९४ च्या जागी १.९८ आलं तर ठीक, २.३ आलं तर काच आडवी कललेली आहे किंवा तुम्ही पट्टीच्या जवळ मोजताय.

एसीच्या खोलीत जाडी का बदलत नाही

हा प्रयोग एका मुलाने एसीच्या खोलीत २४ अंशांना आणि एका मुलीने गॅलरीत ३० ला केला, तर दोघांच्या जाड्या किती वेगळ्या येतील? २४ ला व्हिस्कॉसिटी ०.७२, म्हणजे १.६ पट. त्याच प्रवाहाला सूत्राने जाडी २.२७ मिलिमीटर यायला हवी. प्रत्यक्षात दोघांनाही १.९४ च मिळते. मग वाद सुरू होतो की सूत्र खोटं.

सूत्र खरं आहे. खोटं आहे ते 'त्याच प्रवाहाला' हे गृहीतक. आपला डबा गुरुत्वावर चालतो. तेल घट्ट झालं की नळीतूनही ते तेवढंच कमी येतं, प्रवाह व्हिस्कॉसिटीच्या उलट प्रमाणात घटतो. सूत्रात मात्र μ आणि q यांचा गुणाकार असतो, आणि तो तसाच राहतो. जाडी ठरवली ती डब्यातल्या पातळीने आणि नळीच्या मापाने. बदलला तो वेग: थंड खोलीत २० सेंटिमीटरला १०.३ ऐवजी १६.४ सेकंद लागतात, आणि मिनिटाचं वजन १४३ वरून ९० ग्रॅमवर येतं. मोजून दिलेला प्रवाह देणारा पंप लावला असता तर जाडी बदललेली दिसली असती. तेव्हा 'तापमानाने जाडीवर परिणाम होत नाही' असा निष्कर्ष वहीत लिहिण्याआधी तेल येतंय कशातून ते बघा.

सूत्र कुठे सोडून द्यायचं

हेच पाणी घेऊन केलं तर q तेवढाच ठेवून जाडी ०.२३ मिलिमीटर येते आणि सरासरी वेग सेकंदाला जवळपास ११ सेंटिमीटर. पण तो थर गुळगुळीत राहत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरून पाणी उतरताना त्यात एकामागोमाग आडव्या सुरकुत्या येतात, त्याच या. ब्रुक बेंजामिन आणि चिया-शुन यी यांनी काढलेली अट सोपी आहे: रेनॉल्ड्स आकडा, म्हणजे ρq/μ, हा (५/६)·cotθ च्या वर गेला की लांब लाटा वाढू लागतात. ३० अंशांच्या उताराला ही मर्यादा १.४४. आपल्या एरंडेलाचा आकडा ०.०५, पाण्याचा ३१. या लाटांचे पहिले नीट प्रयोग रशियन भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र कपित्झाने मुलाच्या मदतीने केले. स्टालिनच्या काळात पदावरून दूर झाल्यावर आपल्या दाचामध्ये, म्हणजे गावाबाहेरच्या घरात, उभारलेल्या छोट्या प्रयोगशाळेत तो तेव्हा काम करत होता. आपण तर निदान गॅलरीत आहोत.

एरंडेलातही कधी आडवे फुगवटे खाली येताना दिसले तर ती अस्थिरता नाही, डब्यात भर घालणाऱ्याचा हात धक्क्याधक्क्याने चाललाय. ओळख अशी: जाडीतला बदल सरासरी वेगाच्या तिप्पट, म्हणजे पृष्ठभागाच्या दुप्पट वेगाने जातो. फुगवटा तिखटाच्या कणाला मागून येऊन सहज ओलांडतो. तो दिसला की त्या मिनिटाचं वजन टाकून द्या.

दुसरी मर्यादा द्रवाची. भिंतीचा रंग, टोमॅटो केचप, शाम्पू यांची व्हिस्कॉसिटी ढवळण्याच्या वेगाप्रमाणे बदलते, त्यांना हे सूत्र लागू नाही. तपासायला प्रवाह दुप्पट करा: डब्यातली पातळी ५ ऐवजी १० सेंटिमीटर. जाडी १.२६ पट आणि पृष्ठभागाचा वेग १.५९ पट व्हायला हवा, म्हणजे कणाला १०.३ ऐवजी साडेसहा सेकंद. वजन खरंच दुप्पट झालं आणि वेळ मात्र जुळली नाही, तर द्रव साधा नाही.

आवरताना काच लगेच आडवी करू नका. पुरवठा बंद केला तेव्हा तिच्यावर सुमारे २३० मिलिलिटर तेल असतं. तशीच तिरपी ठेवली तर तासाभराने तळाशी थर ०.१३ मिलिमीटरवर येतो आणि सगळ्या काचेवर मिळून जेमतेम १० मिलिलिटर उरतं. ते जुन्या वर्तमानपत्राने पुसा, मग भांड्यांचा साबण लावा. जमलेलं तेल मलमलीतून गाळून झाकण घट्ट लावून ठेवलं की पुढच्या तुकडीला चालतं.